आधी चेंडू, मग माणूस

गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या महाविद्यालयातील मुलामुलींनी केलेले काही छोटे अॅनिमेशनपट दाखवण्यात आले. त्यांत एक शेतकरी होता, शाळेला निघालेली मुलगी होती आणि एक वाघही होता. चेहरे सुरेख काढले होते, रंगही मेहनतीने भरले होते. पण शेतकरी चालू लागला तेव्हा त्याचे पाय जमिनीला टेकतात असे काही वाटेना. वाघाने ओढ्यावरून उडी घेतली, तीही कुणी त्याला दोरीने उचलून अलगद पलीकडे ठेवावे तशी. सभागृहात हशा पिकला, पण नको त्या जागी. बाहेर पडताना जो तो म्हणत होता, “चित्रे छान होती, पण काहीतरी चुकत होते.” ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा विचार करता करता माझे एक मत बनले आहे आणि ते या अंकातून सर्वांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

माझे म्हणणे असे की, आपल्या कला मंडळात अॅनिमेशन शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने पहिला महिना फक्त चेंडू उडवावा. डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत असा साधा गोल चेंडू. तो कशाचा बनला आहे आणि त्याच्या मनात काय चालले आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळू लागले म्हणजे मग माणूस काढायला घ्यावा, तोवर नाही.

हे मत काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्ने स्टुडिओतील दोन जुन्याजाणत्या चित्रकारांनी १९८१ साली ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ हा ग्रंथ लिहिला. त्यात अॅनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली आहेत आणि त्यांत पहिले स्थान आहे ‘स्क्वॅश अँड स्ट्रेच’ला, म्हणजे चेपणे आणि ताणणे याला. हे तत्त्व आणि वेग हळूहळू वाढवणे-घटवणे ही दोन्ही साधने शिकण्यासाठी चेंडूइतके सोपे आणि चेंडूइतके कठोर दुसरे उदाहरण नाही. सोपे अशासाठी की, गोल कुणालाही काढता येतो. कठोर अशासाठी की, चेंडूला चेहरा नसल्यामुळे चूक झाकायला जागाच राहत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी संगणक नाही. म्हणून पुढे जे सांगणार आहे, ते आलेखाचे कागद, पेन्सिल आणि चित्रांचे फोटो ओळीने दाखवणारा एक फोन एवढ्यावर करून पाहता येण्याजोगे आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते ठेवले की सेकंदाला १२ चित्रे पुरतात. ही सवलत मोठमोठ्या स्टुडिओंनीही घेतली आहे, मग आपण का घेऊ नये?

आता एक चेंडू वरून खाली पाडून पाहू. कागदावर जमिनीची रेघ मारा. तिच्यापासून १८ सेंटीमीटर उंचीवर चेंडूचा तळ येईल असा ३ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू काढा. अर्ध्या सेंटीमीटरचे एक घर धरले, तर ही उंची ३६ घरांची झाली. चेंडू अर्ध्या सेकंदात खाली आणायचा आहे, म्हणजे सहा उड्यांत. नवशिका हमखास काय करतो, तर ३६ ला ६ ने भागतो आणि प्रत्येक चित्रात चेंडू सहा-सहा घरे खाली आणतो. फोनवर चालवून पाहिले की दिसते ती लिफ्ट, नाहीतर दोऱ्यात ओवलेला मणी. तो पडत नाही, नुसता सरकतो.

खरोखर पडणारी वस्तू पहिल्या क्षणी थोडी, दुसऱ्या क्षणी त्याहून अधिक आणि तिसऱ्या क्षणी आणखी अधिक अंतर तोडते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अंतरांचा नियम मांडला आहे. सारख्या वेळात तोडलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात वाढत जातात. आपल्या सहा उड्यांसाठी ही अंतरे होतात १, ३, ५, ७, ९ आणि ११ घरे. बेरीज करून पाहा, बरोबर ३६ भरते. शाळेत हा नियम पाठ करताना कंटाळा येत असे. कागदावर चेंडू पडताना पाहिला की तोच नियम डोळ्यांना दिसू लागतो.

जमिनीवर टप्पा पडला की चेंडू वर निघतो आणि हिशेब उलटा होतो. समजा तो १६ घरे वर जातो. मग अंतरे ७, ५, ३, १ अशी घटत जातात आणि उतरताना पुन्हा १, ३, ५, ७ अशी वाढतात. शिखरापाशी चित्रे आपोआप एकमेकांजवळ येतात. तेथे चेंडू क्षणभर रेंगाळल्यासारखा दिसतो, तो याचमुळे. वर हळू पोचणे आणि वरून हळू सुटणे, एवढ्यातच या तत्त्वाचे सार आहे.

पण याहून महत्त्वाची गोष्ट जमिनीपाशी आहे. तेथे हळू काहीच नाही. चेंडू जमिनीला भिडतो तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो आणि त्याच क्षणी दिशा उलटते. संगणकावर काम करणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते. बहुतेक सॉफ्टवेअर दोन स्थानांमधील हालचाल आपण न सांगता दोन्ही टोकांना मऊ करून देते. त्यामुळे चेंडू जमिनीजवळ येताना अदबीने वेग कमी करतो, अलगद टेकतो आणि अलगद उठतो. पाण्यात बुडवलेला फुगा तळाशी असाच हलेल. तुमच्या चेंडूत हा दोष आहे का, हे ओळखायचे असेल तर जमिनीजवळची शेवटची तीन चित्रे एकावर एक ठेवून पाहा. त्यांच्यातील अंतर जमिनीकडे जाताना घटत असेल, तर चेंडू घाबरून उतरतो आहे असे समजावे. संगणकावर उपाय सोपा आहे. गतीच्या आलेखात जमिनीच्या बिंदूपाशी रेषा गोलाकार असते, ती मोडून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी टोकदार करायची. शिखरापाशी मात्र ती गोलच राहू द्यायची.

याच ठिकाणी नावांचा एक घोळ सांगून ठेवते, कारण निरनिराळ्या जागी शिकलेली दोन मुले त्यावरून हमखास भांडतात. डिस्नेच्या परंपरेत ‘स्लो इन’ म्हणजे एखाद्या स्थितीत हळू येऊन पोचणे. वेबपाने करणारे लोक ‘ईज-इन’ म्हणतात, तेव्हा त्यांना हालचालीची सुरुवात हळू होणे अभिप्रेत असते. म्हणजे जवळजवळ उलटच! म्हणून आपण मराठीत सरळ ‘हळू सुटणे’ आणि ‘हळू पोचणे’ म्हणावे, म्हणजे वाद उरत नाही. पडणारा चेंडू हळू सुटतो, चढणारा चेंडू हळू पोचतो.

या अंतरांतून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे चेंडूचा आकार. अर्ध्या सेकंदात वस्तू साधारण सव्वा मीटर खाली येते, म्हणजे माणसाच्या छातीइतक्या उंचीवरून. कागदावरचे १८ सेंटीमीटर हे सव्वा मीटर झाले, तर त्याच प्रमाणात ३ सेंटीमीटरचा चेंडू वीस-एकवीस सेंटीमीटरचा होतो. हा आपला व्हॉलीबॉल झाला. आता तेच चित्र, तीच उंची, पण चेंडू सहाऐवजी बारा उड्यांत पाडला तर? एका सेकंदात वस्तू सुमारे ४.९ मीटर खाली येते, म्हणजे उंची चौपट झाली. त्याबरोबर चेंडूही चौपट, म्हणजे ऐंशी सेंटीमीटरहून मोठा झाला. गोल तोच, रेघ तीच, पण डोळा त्याला एक तर प्रचंड मोठा समजतो, नाहीतर फुग्यासारखा हलका. आमच्या संमेलनातला वाघ तरंगला, त्याचे कारण माझ्या मते येथे आहे. त्याला हवेत ठेवलेला वेळ त्याच्या उडीच्या उंचीला शोभणारा नव्हता. तेवढ्या वेळात वाघ दुमजली घराइतका असता, तर कदाचित ते खरे वाटले असते.

आता चेपणे आणि ताणणे. आई भाकरी करते तेव्हा पिठाचा गोळा परातीत दाबला की तो पसरतो. उंची कमी होते, रुंदी वाढते, पीठ मात्र तेवढेच राहते. चेंडूचे सगळे शास्त्र या गोळ्यात आहे. कागदावर हिशेब असा ठेवावा : उंची आणि रुंदी यांचा गुणाकार बदलू द्यायचा नाही. ३ सेंटीमीटरच्या चेंडूचा गुणाकार होतो ९. तो थोडा चेपायचा असेल तर उंची २.४ आणि रुंदी ३.७५ ठेवा, फार चेपायचा असेल तर उंची २ आणि रुंदी ४.५. ताणायचा असेल तर लांबी ४ आणि जाडी २.२५. गुणाकार प्रत्येक वेळी ९ च येतो. नुसती उंची कमी केली आणि रुंदी तशीच ठेवली, तर चेंडू चेपल्यासारखा दिसत नाही. तो जमिनीत रुतल्यासारखा दिसतो. संगणकावर तीन मितींचा चेंडू असेल तर चेपताना रुंदी आणि खोली दोन्ही वाढतात, म्हणून प्रत्येकी वाढ कमी पुरते. उंची ०.६४ पट केली तर उरलेल्या दोन्ही बाजू १.२५ पट कराव्या लागतात.

चेपायचे केव्हा, यात फारशी निवड नाही. जमिनीला लागल्यावरच, आणि तेही एका चित्रापुरते. पुष्कळदा चेंडू जमिनीला टेकण्याच्या आधीच्या चित्रात चपटा झालेला दिसतो, जणू मार बसण्यापूर्वीच तो विव्हळतो आहे. ताणायचे ते वेगाच्या चित्रांत, जमिनीच्या जरा आधी आणि जमीन सोडल्यावर लगेच, आणि तेही ज्या दिशेने चेंडू जातो त्याच दिशेने. शिखरावर वेग नाही, म्हणून तेथे तो पूर्ण गोल हवा.

येथे एखादा म्हणेल, खरा चेंडू हवेत कुठे लांबट होतो? बरोबर आहे, होत नाही. मग ताणायचे कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. पुन्हा आपल्या आकड्यांकडे पाहा. शेवटची उडी ११ घरांची, म्हणजे साडेपाच सेंटीमीटरची आहे आणि चेंडू आहे ३ सेंटीमीटरचा. म्हणजे शेवटच्या दोन चित्रांत अडीच सेंटीमीटरची मोकळी जागा राहते. चित्रे एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा डोळ्याला एक चेंडू पळताना दिसण्याऐवजी दोन वेगळे चेंडू लुकलुकताना दिसतात. चेंडू प्रवासाच्या दिशेने ताणला की ही फट कमी होते आणि डोळा दोन्ही चित्रे जोडून घेतो. दुसरा उपाय म्हणजे तेवढ्या भागापुरते मधले एक चित्र वाढवणे आणि त्या दोन चित्रांना एकेकच चौकट देणे. तसे केले तर ११ घरांची उडी सव्वापाच आणि पावणेसहा अशी विभागते, प्रत्येक अंतर तीन सेंटीमीटरच्या आत येते आणि चित्रे एकमेकांना शिवतात. पोलादी गोळा ताणणे शोभत नाही, त्याला हा दुसराच उपाय करावा.

येथवर झाले ते पदार्थविज्ञान. आता वजनाकडे वळू. पुष्कळांची समजूत असते की, जड चेंडू दाखवायचा म्हणजे तो वेगाने पाडायचा आणि हलका दाखवायचा म्हणजे हळू. फुगा किंवा पीस यांना हवा अडवते, ते सोडले तर ही समजूत खरी नाही. गोळाफेकीचा गोळा आणि रबरी चेंडू छातीइतक्या उंचीवरून एकदम सोडले तर दोघेही जवळजवळ एकदमच जमिनीला लागतात. म्हणून दोघांसाठी १, ३, ५, ७, ९, ११ हीच अंतरे. फरक दिसतो तो जमिनीला लागल्यानंतर. रबरी चेंडू ३६ वरून पडून समजा १६ घरे वर येतो, मग सुमारे ७, मग ३. प्रत्येक वेळी उंची आधीच्या साधारण चार-नवमांश, आणि प्रत्येक उसळीला लागणारा वेळ आधीच्या दोन-तृतीयांश. पहिल्या उसळीला ८ चित्रे लागली तर दुसरीला ५ आणि तिसरीला ३ किंवा ४. ही लय कानांनीही ओळखता येते : टप्, टप्, टप् जवळजवळ येत जातात. गोळाफेकीच्या गोळ्याला मातीत एखादे घर वर येऊ द्या, की पुरे. त्याला चेपायचे नाही, ताणायचे नाही. पाण्याने भरलेला फुगा असेल तर तो जवळजवळ उसळतच नाही, पण पसरतो मात्र भरपूर आणि नंतर कितीतरी चित्रे डुचमळत राहतो. एकच गोल, एकच पडणे, आणि तीन निरनिराळ्या वस्तू. हे तिन्ही चेंडू कागदावर शेजारी शेजारी ओळखू आले, म्हणजे शिकणाऱ्याचा अर्धा महिना सार्थकी लागला असे समजावे.

उरलेला अर्धा महिना स्वभावासाठी. येथे भौतिक नियम जाणूनबुजून वाकवावा लागतो, आणि तो पूर्ण पाळता आल्याशिवाय वाकवता येत नाही, हेच माझ्या म्हणण्याचे मर्म आहे.

एक पायरी काढा. वर एक चेंडू आहे आणि त्याला खाली उडी मारायची आहे. पहिला चेंडू भित्रा करू. तो तीन लहान टप्पे घेत येतो, प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा ठेंगणा, आणि काठाच्या चांगला अलीकडे थांबतो. आठ चित्रे तसाच. मग चार घरे, दोन घरे, एक घर असा सरकत काठाशी पोचतो. हे हळू पोचणे आता गुरुत्वाकर्षणाचे राहिले नाही, ते मनाचे झाले. काठाशी आल्यावर तो किंचित लांबट होऊन पुढे झुकतो, डोकावल्यासारखा, आणि दोनच चित्रांत झटकन मागे येतो. पुन्हा सहा चित्रे स्तब्ध. मग पाच चित्रांत सावकाश दबत जातो आणि अखेर कशीबशी एक बुटकी उडी मारतो. खाली पडल्यावर चेपतो आणि दोनतीनदा थरथरून मगच गोल होतो.

दुसरा चेंडू बढाईखोर. तो एका मोठ्या उसळीत थेट काठावर येतो, दोन चित्रांपुरता दबतो आणि उंच झेप घेतो. शिखरावर त्याला हिशेबापेक्षा एक चित्र जास्त थांबवा, जणू ‘पाहिलेत का?’ असे विचारतो आहे. एक चित्र जास्त खपते, कधी दोनही खपतात. तीन केली की चेंडू दोरीला टांगल्यासारखा दिसू लागतो, हे मी अनेकदा करून पाहिले आहे. खाली उतरल्यावर तो जेमतेम चेपतो आणि न थांबता चौकटीबाहेर निघून जातो.

या दोघांत फरक कोठे आहे? गोल दोघांचाही सारखाच. फरक आहे तो उडीच्या आधी. पडून चेपणारा चेंडू जमिनीमुळे चेपतो. पण उडी मारण्यापूर्वी, कुणी ढकललेले नसताना, जो आपणहून दबतो, त्याच्या आत काहीतरी आहे असे आपण मानतो. दगड उडी मारण्यापूर्वी दबत नाही, मांजर दबते. हालचालीचे कारण बाहेर दिसले तर ती वस्तू असते. कारण आत आहे असे वाटले तर ती कुणीतरी होते. आणि आत काय आहे, भीती की घमेंड, हे दबण्याला किती चित्रे दिली यावरून ठरते. पाच चित्रे म्हणजे विचार, दोन चित्रे म्हणजे सवय.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना येथे हायडर आणि सिमेल यांचा प्रयोग आठवेल. त्यांनी १९४४ साली दोन त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि एक उघडमीट होणारा चौकोन यांचे एक छोटे चलचित्र विद्यार्थिनींना दाखवले आणि काय पाहिले ते लिहायला सांगितले. बहुतेक सगळ्यांनी भांडणाची, पाठलागाची, सुटकेची गोष्ट लिहिली. आकृत्या हलल्या एवढेच लिहिणारे जवळजवळ कुणी नव्हते. चेहरा नसतानाही माणूस दिसतो, तो हालचालीतून. मग चेहऱ्यापासून सुरुवात करण्याची आपली घाई कशासाठी?

माझ्या मताला दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा की, हल्ली संगणकाला चेंडूचे वजन आणि उसळी सांगितली की तो बिनचूक चेंडू स्वतःच पाडून दाखवतो. मग कागदावर घरे मोजायची कशाला? हे खरे आहे आणि काचा फुटताना, विटा कोसळताना दाखवायला ती सोय उत्तमच आहे. पण संगणकाने पाडलेला चेंडू काठाशी थबकत नाही. त्याला पडायचे आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेले नसते. थबकायला लावणारा माणूसच लागतो, आणि किती थबकावे हे ज्याला चित्रांच्या संख्येत सांगता येत नाही, त्याला संगणकही मदत करू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. चेपणे-ताणणे शिकलेली मुले सगळ्याच गोष्टी रबराच्या करून टाकतात, असे एका मित्राचे म्हणणे. माणसाची कवटी, लोखंडी खुर्ची, सगळेच डुलू लागते. हा दोष खरा आहे. पण तो शिक्षण अर्धवट राहिल्याचा आहे. जॉन लॅसेटर यांनी १९८६ साली पिक्सारमध्ये ‘लक्सो ज्युनिअर’ हा दोन मिनिटांचा पट केला. त्यात टेबलावरचा एक लहान दिवा चेंडूशी खेळतो. दिवा धातूचा, त्याला चेपता येत नाही. पण उडीपूर्वी तो सांध्यांत दुमडून बसतो आणि उडताना सरळ लांब होतो. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात लॅसेटर यांनी हेच सांगितले की, चेपण्या-ताणण्यासाठी वस्तू मऊच असली पाहिजे असे नाही. सांधे असलेली वस्तू घडी होऊन चेपते आणि उलगडून ताणली जाते. आपल्या माणसाचे गुडघे, कंबर आणि पाठ हेच करतात. हाडे तेवढीच लांब राहतात, आकृती मात्र चेपते आणि ताणते. ज्याने चेंडू उडवला आहे त्याला गुडघ्यात चेंडू दिसतो. ज्याने नाही, तो गुडघा नुसता वाकवतो.

याचा पुरावा मी घरी रोज पाहते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पोते उचलण्याआधी ते पाय रुंद करतात, हळू खाली बसतात, क्षणभर थांबतात आणि मग एका हिसक्यात उठतात. पोते पन्नास किलोचे आहे की रिकामे, हे ते उचलण्याच्या आधीच त्यांच्या बसण्यावरून कळते. पाठीवर पोते असताना प्रत्येक पावलाला त्यांची कंबर जरा खाली जाते आणि पुन्हा वर येते. एक जड, फार न उसळणारा चेंडूच तो. डिस्नेच्या चित्रकारांमध्ये अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याला हसवण्या-रडवण्याचा अभ्यास प्रसिद्ध होता. पोत्यालाही चेहरा नसतो. त्याने आपले दुःख कोपऱ्यांनी आणि पोटाच्या लोंबण्याने सांगायचे असते. मला वाटते, चेंडूनंतरचा धडा हे पोते असावे आणि पोत्यानंतर ते उचलणारा माणूस. संमेलनातल्या त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर भारा होता, पण त्याच्या गुडघ्यांना त्याची खबरच नव्हती. ज्यांच्या घरी ओझे वाहणारी माणसे आहेत, त्यांना असा बिनवजनाचा भारा पाहून हसू येत नाही. आपल्या लोकांचे कष्ट चित्रात दाखवायचे असतील तर त्या कष्टांना वजन पाहिजे, आणि वजन सुबक चेहऱ्यातून येत नाही.

म्हणून कला मंडळाच्या प्राध्यापकांना आणि माझ्या सहाध्यायींना एक सूचना करते. पुढच्या वर्षी संमेलनासाठी अॅनिमेशनपट देणाऱ्या प्रत्येक गटाकडून आधी दोन चेंडू मागावेत. पहिला असा की, तो रबरी आहे, पोलादी आहे की पाण्याचा फुगा, हे अॅनिमेशनचा गंध नसलेल्या विद्यार्थ्याने ओळखावे. दुसरा पायरीवरचा, ज्याचा स्वभाव त्याच विद्यार्थ्याने एका शब्दात सांगावा. ओळखता आले नाही तर अंतरे मोजावीत, जमिनीजवळची तीन चित्रे तपासावीत, गुणाकार पाहावा आणि पुन्हा करावे. यासाठी महागडा संगणक लागत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे तो आहे आणि ज्यांच्याकडे नाही ते या परीक्षेला एकाच बाकावर बसतील. दोन चेंडू जमले की मग शेतकरी, मुलगी, वाघ, ज्याला जे काढायचे ते त्याने खुशाल काढावे. त्या वाघाची उडी पाहायला मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.